फ्रेहा मावशीची नजर

फ्रेहा मावशीचे डोळे गेलेत, असं मी आमच्या मालकाला, प्रॉस्पेरला, सांगितलं. पुरावा म्हणून तीन ट्रे फोडलेली अंडी दाखवली. अक्कल दाखवायची हौस मला इस्रायलमधल्या दिमोना गावच्या शाळेपासूनच आहे.

झालं असं. आमच्या लग्नाच्या हॉलच्या स्वयंपाकघरात अंडी फोडायचं काम गेली बावीस वर्षं मावशीचं. एकेक अंडं काचेच्या पेल्यात फोडायचं, पेला उजेडाकडे धरून फिरवायचा, खालून बघायचं, रक्त नसेल तरच मोठ्या पातेल्यात ओतायचं. त्या गुरुवारी सकाळी ती गुडघा दाखवायला दवाखान्यात गेली आणि तासाभरासाठी पेला माझ्या, म्हणजे कांदे चिरणाऱ्याच्या, हातात आला.

नव्वद अंड्यांपैकी एक्केचाळीस मी बादलीत फेकली. कुठे पांढरा भाग दुधाळ, कुठे बलकाला चिकटलेला पांढरा दोरा, तीन ठिकाणी लाल ठिपका. मग मी जायच्या आधी तिने पास केलेलं पातेलं बघितलं. त्यातही दोरे, त्यातही धुरकटपणा. बाईला दिसतच नाही, मी ठरवलं.

प्रॉस्पेर ऐकून पांढरा पडला. संध्याकाळी तीनशे पानं उठणार होती. तिची नजर गेली असेल तर आमच्या धर्मगुरूंपासून, रब्बी एल्कानांपासून, लपवून चालणार नाही, आणि रविवारपासून तिला घरी बसवावं लागेल, असं तो म्हणाला. हे ऐकल्यावर मात्र मला कसंतरी व्हायला लागलं. मावशीचा नवरा वारलेला, घर तिच्या हातावर. मी उगाच ओटा दोनदा पुसला. तोंडातून गेलेलं कसं परत घ्यावं, कळेना.

प्रॉस्पेरने बोलावल्यावर रब्बी आले. कोशेर, म्हणजे आम्हा ज्यूंच्या खाण्यापिण्याच्या, नियमांची देखरेख त्यांच्याकडे. माणूस मितभाषी, त्यामुळे आणखीच धास्ती. तेवढ्यात मावशी लंगडत परतली. बादलीकडे बघून तिने विचारलं, ‘‘हे कुठल्या गाढवाचं काम?’’

मी पाटावरचे कांदे मोजू लागलो.

रब्बींनी तिला काही सांगितलं नाही. नवा ट्रे पुढे सरकवून आपल्यासमोर फोडायला सांगितलं. मावशी खवळली, पण बसली. पहिलं अंडं दुधाळ. तिने ओतलं. दुसऱ्यात करंगळीच्या नखाएवढी जाड दोरी. तेही ओतलं. प्रॉस्पेरने माझ्याकडे बघितलं, मी रब्बींकडे, रब्बींनी पेल्याकडे. चौदा अंडी अशीच गेली. मी बरोबर ठरलो तर ती घरी आणि चूक ठरलो तर मी.

पंधराव्याला तिने पेला उंच धरला, तळाशी डोळा लावला आणि अंडं बाजूच्या डब्यात ओतलं. आम्हा तिघांना काही दिसलं नाही. रब्बींनी चमच्याने बलक उलटवला, तर खाली तिळाएवढा लाल ठिपका.

‘‘तपकिरी टरफल आहे,’’ ती म्हणाली. ‘‘कारखान्यात दिवा लावून बघतात, पण या टरफलातून उजेड नीट जात नाही. म्हणून पेला.’’

प्रॉस्पेरने घसा खाकरून दुधाळ अंड्यांचं विचारलं. ती त्याच्याकडे अशी बघत राहिली, जणू याला गल्ल्यावर कोणी बसवलंय कोण जाणे.

‘‘धुरकट म्हणजे ताजं. आतला वायू टरफलातून निघून गेलेला नसतो. चार दिवसांनी काचेसारखं होतं. आणि ती दोरी बलकाला मधे धरून ठेवते, अंडं ताजं तेवढी ती घट्ट. हिरवट, गुलाबी झाक असेल, वास मारत असेल, तर फेक.’’

‘‘आणि रक्त?’’ मी विचारलं. विचारायला नको होतं.

‘‘कोंबडीच्या आत बारीक नस फुटते. पिल्लू नसतं ते. डॉक्टर म्हणेल ठिपका काढ, शिजव, खुशाल खा. आपल्यात रक्त चालत नाही, म्हणून अख्खं अंडं टाकायचं. तब्येतीसाठी नाही रे, रीत म्हणून.’’

एक्केचाळिसातली अडतीस चांगलीच होती. पण मी सगळी रक्ताच्या तीन अंड्यांवर ओतली होती, म्हणून रब्बींनी बादली मांजरांकडे रवाना केली. मावशी कामावर राहिली. प्रॉस्पेर मला एवढंच म्हणाला, ‘‘तू कांदे चिर.’’

दुपारी तिने विचारलं, ‘‘माझे डोळे तपासायची कल्पना कोणाची?’’ प्रॉस्पेर खोलीएवढ्या फ्रीजमध्ये शिरला. मी कांदा उचलला. तिने स्वतःच हिशेब लावला की रब्बींची.

तेव्हापासून ती सगळ्यांच्या चहात पुदिना घालते, रब्बींच्या चहात घालत नाही. ते मुकाट पितात आणि कधीकधी पेल्यावरून माझ्याकडे बघतात. तक्रार माझी होती, हे त्यांना माहीत आहे. महिना झाला, रोज सकाळी तिला खरं सांगायला तोंड उघडतो आणि कांदा उचलतो. रब्बींचा महिन्याभराचा पुदिना माझ्याकडे उधार आहे.