माती आधी, मत नंतर

दोन वर्षे झाल्याशिवाय थेट निवडून आलेल्या सरपंचावर अविश्वास आणता येत नाही, म्हणून माझ्या विरोधातल्या सदस्यांनी दोन वर्षे दात-ओठ खात काढली. तेवढी भरताच तहसीलदारांसमोर सदस्यांची सभा झाली आणि तीन चतुर्थांश हात माझ्याविरुद्ध वर गेले. कारण एकच. आमच्या पाड्यामागच्या टेकडीवर त्यांना दगडाची खाण हवी होती, आणि आदिवासी गावात ग्रामसभेच्या शिफारशीशिवाय ती मिळत नाही. शिफारस ग्रामसभेने नाकारली होती. सगळ्यांत आधी नको म्हणाली ती माझी म्हातारी चुलतसासू.

तरी माझी खुर्ची अजून होती. अविश्वासावर ग्रामसभेने गुप्त मतदानाने शिक्कामोर्तब केले, तरच मी जाणार होते. कलेक्टरांनी त्यासाठी अधिकारी नेमला, दिवस ठरवला. आमचा पाडा मोठा, सगळा माझ्या बाजूने. मी निर्धास्त होते.

त्या दिवशी पहाटे म्हातारी गेली.

आमच्यात मयत घरात असताना, माती होईपर्यंत कुणी दुसऱ्या कामाला पाड्याबाहेर पाऊल टाकत नाही. ग्रामसेवक धापा टाकत आला. तो तळोद्याकडचा, बिचारा खरंच माझ्या बाजूचा. म्हणाला, "ताई, पाडाना लोकसले आधी मत टाकाले धाडा. मंग माती द्या."

लोक माझ्या तोंडाकडे बघत होते. मी सांगितले असते तर गेले असते. पण ज्या बाईने आमची टेकडी राखली, तिला अंगणात टाकून खुर्चीसाठी माणसे पळवायची? ग्रामसेवकाबरोबर मी अधिकाऱ्यांना निरोप धाडला, वेळ वाढवून द्या.

माती देऊन आम्ही तसेच मतदान होते त्या शाळेकडे धावलो. पेटी उघडून मोजणी चालली होती. सडकेकडच्या पाड्यांनी मत टाकून घेतले होते, सभेला पुरेशी माणसेही भरली होती.

अधिकारी माझ्या मातीने भरलेल्या हातांकडे बघत म्हणाले, "बाई, आदेशात वेळ लिहिलेली आहे. वाढवणं माझ्या हातात नाही." माणूस वाईट नव्हता, याचाच मला जास्त संताप आला.

अविश्वासावर शिक्कामोर्तब झाले आणि उपसरपंचाकडे कारभार गेला. टेकडीचा निर्णय आमचा आम्हाला घेता यावा म्हणून पाड्याची वेगळी ग्रामसभा मागणारा आमचा प्रस्ताव प्रांतसाहेबांच्या कार्यालयात तेव्हाही धूळ खात होता, आजही खातो आहे. पुढच्या ग्रामसभेत खाणीचा विषय पुन्हा आला. आमच्यातले निम्मे लोक आलेच नाहीत. मत देऊन काय होते, असे त्यांना वाटू लागले होते, आणि ते मला त्या निकालापेक्षा जास्त लागले. शिफारस मंजूर झाली.

आता दुपारी सुरुंग लागतो. जनावरांनी उकरू नये म्हणून म्हातारीवर रचलेले दगड हादऱ्याने घरंगळतात. संध्याकाळी मी जाते आणि पुन्हा रचून येते.