जिनतचा ओवा

आमची बहीण जिनत, तिच्यासारखी पोरगी अख्ख्या दिंद्रुडात न्हाई, हे मी कोणालाबी छातीवर हात ठेवून सांगतो. तिला शिकवली कोणी? मी. स्वतः सातवीत शाळा सोडली, केळीची गाडी लावली, आन् तिला परभणीला पाठवून मसाल्याचं शिक्षण दिलं.

आता गावाबाहेर शेतकऱ्यांचं युनिट हाय, ते तीच चालवते. ओवा, धने चाळायचे, माती-काड्या काढायच्या, मग बंद भांड्यात थोडाच वेळ दाबाची वाफ द्यायची. जंतू मरतात. लगेच सुकवून, थंड करून पोतं शिवायचं. यंदा पुण्याच्या कंपनीनं पहिल्यांदाच तिचा ओवा एक नंबरात घ्यायचं कबूल केलतं. नमुना तपासला, जंतू न्हाई, तेलबी भरपूर. पोती शिवून तयार व्हती.

त्या दिवशी ती बँकेत गेलती आन् मी अडत्या बंकटशेटला माल दाखवायला घेऊन गेलो.

"काय बे नबी, बहिणीनं ओवा शिजवला का काय?" शेट हसला.

"हात घालून बघा की शेट!"

आपल्याकडं पोत्यात कोपरापर्यंत हात घातल्याबिगर कोणी माल बघत न्हाई. नको म्हणलं तर माल खोटा. मीच टाके उसवले. शेटनं एकेक पोत्यात तळापर्यंत हात घातला, ओवा तळव्यावर चोळला, वास घेतला. "माल नामी हाय बे!" मी फुगून पोती परत शिवली.

जिनत आली. टाके बघितले.

"भाई, कोणी उघडली?"

"मीच. शेट खूश झाला!"

तिनं लगेच नवा नमुना काढून तपासणीला लावला. चार दिसांनी कळलं, जंतू भरमसाट. हाताचे, घामाचे.

"मंग परत वाफ दे की," मी म्हणलं. "त्यात काय एवढं?"

"भाई, वाफेबरोबर ओव्याचं तेल उडून जातं. वासच त्याचा, किंमतच ती."

मी ऐकलं न्हाई. तिनं एका पोत्याला वाफ दिली, ओवा कुटून पाण्यात उकळला. काचेच्या नळीत वरती तेल जमतं, ते मोजायचं. पहिल्यापेक्षा कितीतरी कमी. जंतू गेले, पण माल दोन नंबरात गेला. बाकीच्या पोत्यांचंबी तेच व्हणार व्हतं.

तिनं माझ्याम्होरंच कंपनीला फोन लावला.

"सर, माल एक नंबरात बसत न्हाई. पाठवत न्हाई मी. राखण माझी व्हती, चूक माझीच हाय."

माझं नाव तिनं घेतलं न्हाई. फोन मागून घ्यावा, माझीच चूक म्हणावं, असं लई वाटलं. पण माझा हात खिशातून निघालाच न्हाई. तिनं फोन ठेवला आन् वाकून पोत्यांवरच्या एक नंबरच्या चिठ्ठ्या काढायला लागली.