कोपर आणि बोथट कात्री

शिवाजीनगरातल्या आमच्या शिंप्याच्या दुकानात कापड बेतायचं ते मीच. बायको काजं करायची, इस्त्री फिरवायची. कात्री तिच्यासाठी सोवळ्यातली. कात्री आजोबांची, चांगली जडशीळ. ती परक्या हातात धार लावायलाही द्यायची नाही, ही आमच्या घराण्याची रीत. त्यामुळे ती कधीचीच बोथट झाली होती आणि मी मूठ आवळून कापड अक्षरशः चावत होतो. याला मी कसब म्हणायचो.

शाळेच्या युनिफॉर्मच्या हंगामात एका सकाळी दुकानाच्या कुलपात किल्ली फिरवली आणि कोपराच्या बाहेरच्या अंगाला अशी कळ आली की डोळ्यांत पाणी. मग भाजीची पिशवीही उचलवेना. तरी बेतत राहिलो. पँटींच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या निघू लागल्या. बायको त्या कडा उजेडात धरून बघायची, त्याचीच मला भीती वाटत होती. बेतायचं टेबल हातून गेलं तर या दुकानात मी कोण?

शेवटी तिनंच मला ओढत फिजिओथेरपिस्टकडे नेलं. नागपूरहून आलेली, आमच्या मुलीच्या वयाची. तिनं माझा हात सरळ धरून मूठ मिटायला लावली.

"काका, मी खाली दाबते, तुम्ही मनगट वर उचला."

मी बोंबललो.

"टेनिस एल्बो," ती म्हणाली. जन्मात रॅकेट धरली नाही, पण दुखणं साहेबी निघाल्याचं मला जरा बरंच वाटलं. "मूठ आवळली की मनगट सावरायला हाताच्या मागचे स्नायू ताणले जातात. त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, कोपराच्या बाहेरच्या हाडाला चिकटलेल्या असतात. रोज तोच ताण आणि भरून यायला सवड नाही, म्हणून त्या खराब होतात. कात्रीला धार आहे ना?"

मी घराण्याची रीत सांगितली. ती बायकोकडे बघून हसली. दोघींचं माझ्यावाचूनच ठरलं: कात्री सध्या बंद, पिशवी तळवा वर करून उचलायची, मनगटाचे व्यायाम हलक्या वजनानं सुरू करून हळूहळू वाढवायचे. काही महिने लागतील.

"सरी," बायको म्हणाली, म्हणजे तिच्या सीमाभागातल्या माहेरच्या बोलीत 'बरं'. "मी बेतते."

त्याच संध्याकाळी तिनं कात्रीला धार लावून आणली. तिनं बेतलेले तुकडे मी टेप लावून तीनतीनदा तपासले. एकही चूक सापडेना, याचा मला मनापासून राग आला. शाळेच्या बाई येऊन म्हणाल्या, "मास्तर, यंदा कटिंग फार छान!" मी मान डोलावली. बायको शेजारीच उभी होती, तरी डोलावली.

याला आता बरेच महिने झाले. सकाळी ती विचारते, "अवो, कोपर कसं हाय? स्वल्प बेतून बघता का?"

मी कोपर चोळतो आणि म्हणतो, "अजून दुखतंय गं."

दुखत काही नाही. तिनं बेतलेल्या कापडाशेजारी माझं कुणी ठेवून बघू नये, एवढंच.