पोचली असं लिहिलेलं पार्सल

इंडोनेशियातल्या पेकालोंगान शहराच्या उत्तरेला, समुद्राचं पाणी भरतीला गल्लीत शिरतं त्या भागात, मुकेना शिवणाऱ्यांची एक पेढी आहे. नमाजाच्या वेळी बायका डोक्यापासून पायापर्यंत ओढतात ते मुकेना. कुस्तिनी तिथे बारा वर्षं ऑर्डरींच्या टेबलावर होती. वय चव्वेचाळीस, लग्न झालेलं नाही, आवाज खालचा. तिला एकच काम होतं आणि ते तिला फार चांगलं येत होतं: आलेली प्रत्येक ऑर्डर आत्ता कुठे आहे ते सांगणं.

ऑर्डर आली, खात्री झाली, बांधली, कुरियरला दिली, वाटेत, वाटपाला निघाली, पोचली. या सात पायऱ्या ती झोपेतही म्हणाली असती. ज्यांनी बँकेतून आधीच पैसे भरलेले असत, त्यांची गोष्ट पोचली की संपायची. पण निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं कॅश ऑन डिलिव्हरीवाली. दारात पार्सल आलं की पैसे मोजणार. त्यांचे पैसे कुरियरकडे जमत आणि आठ-दहा दिवसांनी, कुरियरचं भाडं कापून, शेकडो ऑर्डरींची एक ठोक रक्कम पेढीच्या खात्यात पडे. त्या रकमेत कुणाचे पैसे आहेत आणि कुणाचे नाहीत, हे कुणी बघत नसे. मालक गुनार्तो महिनाअखेरीला ‘पोचली’च्या रकान्याची बेरीज बघत आणि खूश होत.

मागच्या वर्षी रमजानच्या गर्दीत कुस्तिनीच्या पडद्यावर एक नाव आलं. रुमियाती. पत्ता दूर पूर्वेकडच्या बाऊबाऊ बंदराजवळच्या सिओंपू बेटाचा. एक मुकेना, जांभळ्या काठाचं. पैसे दारात.

कुस्तिनीचा हात माउसवरच राहिला. रुमियाती तिची धाकटी बहीण. आठ वर्षांपूर्वी बंदरावर आलेल्या, त्याच बेटांकडच्या एका बुतोनच्या खलाशाशी लग्न करायचं म्हणून घर सोडून गेली होती. वडील उंबऱ्यात आडवे उभे राहिले होते. त्या दिवशी कुस्तिनी बहिणीला म्हणाली होती, “जातेस तर जा. या घरात तुझं काही उरलेलं नाही.” वडिलांना बरं वाटावं म्हणून म्हणाली होती. पण म्हणाली होती खरी.

आणि आता रुम याच पेढीतून मुकेना मागवत होती. बाजारात मुकेनांना काय तोटा? म्बाक, म्हणजे आपली ताई, इथे काम करते हे तिला पक्कं ठाऊक होतं.

कुस्तिनीने ऑर्डरीवरचा नंबर लावून पाहिला. बंद. मग ती बांधणीच्या टेबलाशी गेली, ते पार्सल स्वतः बांधलं आणि घडीत एक चिठ्ठी सरकवली. “रुम, माझं चुकलं. बापाकला रोज तुझी आठवण येते, बोलत नाहीत. घरी ये. नाहीतर नुसता फोन कर.” खाली स्वतःचा नंबर.

त्यानंतर ती रोज सकाळी आधी ती एकच ऑर्डर उघडून बघायची. वाटेत. वाटेत. वाटपाला निघाली. मग लेबारानची, म्हणजे ईदची, सुट्टी लागली, पेढी दहा दिवस बंद राहिली, आणखी काही आठवडे ‘वाटेत’मध्येच गेले. आणि एका सोमवारी तिथे हिरव्या अक्षरांत आलं: पोचली.

फोन आला नाही.

पहिला महिना तिने मोबाइल न्हाणीघरातसुद्धा नेला. दुसऱ्या महिन्यात ती स्वतःची समजूत घालू लागली, की बेटावर रेंज नसेल. तिसऱ्या महिन्यात तिला उत्तर कळलं. रुमने चिठ्ठी वाचली होती, आणि बोलायचं नाही असं ठरवलं होतं. बरोबरच होतं तिचं. आपण जे बोललो ते चार ओळींत पुसलं जाईल असं मानणं हीच हाव.

पावसाळ्याच्या तोंडाला वडील गेले. शेवटच्या आठवड्यात ते दाराकडे कूस करून झोपायचे. शेजारच्या बायका म्हणाल्या, “धाकटीला कळवलंत का?” कुस्तिनी म्हणाली, “तिला यायचं असतं तर एव्हाना आली असती.” त्या पत्त्यावर साधं पत्रही तिने टाकलं नाही. ज्या दाराने एकदा तोंड फिरवलं, ते पुन्हा ठोठावायचा धीर तिला झाला नाही.

या वर्षी गुनार्तोंनी तियास नावाच्या मुलीला हिशेब बघायला ठेवलं. सेमारांगची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, तोंडाने फटकळ. तिने आल्या आल्या ती ठोक रक्कम फोडून मागवली आणि एकेका ऑर्डरीपुढे एकेक रक्कम लावत बसली. तीन आठवड्यांनी ती कागद घेऊन मालकांच्या खोलीत गेली आणि कुस्तिनीलाही बोलावलं.

“पाक,” ती मालकांना म्हणाली, “वर्षभरात कॅश ऑन डिलिव्हरीच्या अकरा हजार चारशे साठ ऑर्डरी पोचल्या असं आपलं यंत्र म्हणतं. पैसे आलेत नऊ हजार सातशे दोनचे.”

गुनार्तो ताठ झाले. “म्हणजे कुरियरवाल्याने सतराशे ऑर्डरींचे पैसे खाल्ले?”

“नाही हो. त्याने एक रुपिया खाल्लेला नाही. ती पार्सलं गिऱ्हाइकाने घेतलीच नाहीत. ती परत आली.”

“परत आली तर पोचली कसं दाखवेल?”

“तेच तर.” तियासने खुर्ची पुढे ओढली. “तीन खेपा फुकट गेल्या की कुरियर पार्सल उलट पाठवतो. नंबर तोच. उलट येऊन ते आपल्या गोदामात पडलं, की त्यांचा माणूस यंत्रावर मारतो ‘पोचली’. त्याच्या दृष्टीने खरंच पोचली, पाठवणाऱ्याकडे. आपलं यंत्र फक्त शेवटचा शब्द उचलतं. कुणाला पोचली ते विचारतच नाही. आणि तुम्ही त्याला विक्री म्हणता.”

“म्हणजे माझी विक्री...”

“फुगलेली आहे, पाक. लेबारानला नवीन शिलाई यंत्रं घेतलीत ना, ती या फुग्यावर घेतलीत.”

गुनार्तोंनी चहाचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. तियास कुस्तिनीकडे वळली. “बु कुस, तुमची चूक नाही यात. तुमच्या पडद्यावर हा रकाना येतच नव्हता.” तिने कागदावर बोट ठेवलं. “हे बघा. ‘स्वीकारणारा’. जिथे जिथे पैसे आले नाहीत, तिथे एकच नाव आहे. कार्मिन.”

कार्मिन म्हणजे मागच्या गोदामाचा म्हातारा.

कुस्तिनीला आपल्या कानात पाणी शिरल्यासारखं झालं. ती म्हणाली, “एक ऑर्डर बघशील?”

“कुठली?”

“मागचा रमजान. सिओंपू.”

तियासने नाव शोधलं, ओळीवरून बोट सरकवलं. पैसे नाहीत. स्वीकारणारा: कार्मिन. कारण: तीनदा गेलो, घरी कुणी नाही.

कुस्तिनी मागे गेली तेव्हा पाक कार्मिन गोदामाच्या दारात नासी मेगोनो खात बसले होते. “परतीचा माल? येईल तसा फोडून कप्प्यात लावतो की. पण त्या लेबारानची चार पोती तशीच आहेत बघ. पाणी शिरलं होतं ना, म्हणून वर फळीवर टाकली. कुणी विचारलंच नाही. विकलेल्या मालाला कोण विचारतं?”

दोघांनी मिळून पोती उतरवली. तिसऱ्या पोत्यात ते निघालं. चिकटपट्टी कुस्तिनीनेच लावलेली, कोपरा दुमडायची तिची सवय तशीच. कुणी उघडलेलं नव्हतं. तिने फाडलं. मुकेनाच्या घडीत चिठ्ठी होती, दमट होऊन कापडाला चिकटलेली.

ती पोत्यावर बसली. कार्मिननी विचारलं, “काय झालं ग?” तिने चिठ्ठी कापडापासून हलकेच सोडवली. रुमने उत्तर दिलं नव्हतं, कारण रुमला कुणी काही विचारलंच नव्हतं. वर्षभर जी गप्प होती ती बहीण नव्हे, हे पोतं होतं. आणि या पोत्याच्या भरवशावर तिने बापाचं मरण कळवलं नाही.

तियासनेच बाऊबाऊच्या कुरियर कचेरीचा नंबर मिळवला. ‘घरी कुणी नाही’ असं लिहिणारा माणूस अजून तिथेच होता. ला ओदे रुस्मान त्याचं नाव. आधी तो उडवाउडवी करू लागला.

“तक्रार नाही करत मी, पाक,” कुस्तिनी म्हणाली. “मला फक्त सांगा, तिथे कुणी होतं का?”

मग त्याने उडवाउडवी सोडली.

“मी गेलोच नव्हतो, बु. त्या आठवड्यात लाटा होत्या, सिओंपूची होडी सुटत नव्हती. यंत्राला रोज काहीतरी कारण लागतं. ‘होडी नाही’ असं कारण त्यात नाहीये. मग मारतो आम्ही, घरी कुणी नाही.”

“आणि ती?”

“बाई तिथेच आहे. जेट्टीमागे सुकी मासळी विकते. मला आठवते, कारण नंतर दोनदा विचारायला आली होती. पैसे रुमालात बांधून आणले होते. मी सांगितलं, माल परत गेला.” मग तो म्हणाला, “उद्या होडी आहे. तुमचा नंबर देतो तिला. हे मी कचेरीचं म्हणून नाही करत.”

तिसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबर वाजला. कुस्तिनी टेबलावरून उठून पेढीमागच्या विहिरीपाशी गेली.

“म्बाक?” आवाज जाडा झाला होता, पण शेवटी वर उचलायची लकब तीच. “तू ऑर्डर परत मागवलीस ना ग माझी?”

“मी?”

“मला वाटलं, नाव बघितलंस आणि म्हणालीस, हिला द्यायचं नाही. मी तीन दिवस दारात बसले होते, म्बाक. नवरा हसत होता, म्हणाला, मुकेना येतंय का राणी येतेय?”

“मी त्यात चिठ्ठी घातली होती, रुम.”

“काय लिहिलं होतंस?”

कुस्तिनीने सांगितलं. शब्द न् शब्द पाठ होते. पलीकडे रुम रडत होती आणि मध्येच हसत होती. मग तिने नाक ओढून, अगदी सहज, जणू काल सोडलेलं वाक्य पुढे न्यावं तसं विचारलं, “बापाक कसे आहेत? अजून चहात चार चमचे साखर?”

कुस्तिनीने विहिरीचा काठ धरला. असं काही फोनवर सांगायचं असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिने सांगितलं. कधी, कसे, कुठे पुरलं. दाराकडे कूस करून झोपत तेही सांगितलं, कारण ते लपवणं म्हणजे आणखी एकदा फसवणं झालं असतं.

रुम म्हणाली, “मला कळवायला हवं होतंस.”

“हो.”

“कसंही करून कळवायला हवं होतंस, म्बाक.”

“हो, रुम.”

फोन बंद झाला.

पेढीत पुढे पुष्कळ बदललं. तियासने ‘परत निघाली’ आणि ‘गोदामात परत आली’ अशा दोन नव्या पायऱ्या घातल्या, आणि कॅश ऑन डिलिव्हरीला ‘पोचली’च्या पुढे ‘पैसे मिळाले’. ती पायरी येईपर्यंत विक्री धरायची नाही असं ठरलं. गुनार्तोंची वर्षाची बेरीज इतकी खाली आली की दोन महिने ते कुणाशी नीट बोलले नाहीत. तीनदा खेप फुकट गेली की माल उलटायच्या आधी गिऱ्हाइकाला माणसाने फोन करायचा, हे काम कुस्तिनीने मागून घेतलं. बहुतेक वेळा पलीकडचं माणूस म्हणतं, “अहो, मी घरीच आहे.”

रुमचा दुसरा फोन तीन आठवड्यांनी आला. तिने साखरेबद्दल विचारलं नाही, वडिलांबद्दलही नाही. दोन मुली आहेत म्हणाली, थोरलीचा आवाज तुझ्यासारखा खालचा आहे. “मी येऊ का तिकडे?” कुस्तिनीने विचारलं. सुराबायाहून जहाज सुटतं, तिकीट किती, हे तिने कधीच बघून ठेवलं होतं.

“आत्ता नको, म्बाक. माझं रडून संपलेलं नाही अजून. तू दिसलीस की मी भांडेन.”

“भांड.”

“नको. थांब जरा.”

आता दर शुक्रवारी फोन येतो. सिओंपूला शाळेमागच्या टेकाडावरच रेंज मिळते, म्हणून रुम मुलींना घेऊन तिथे चढते. मासळीचा भाव, छप्पर, धाकटीचा खोकला असं काहीबाही बोलतात. येईन किंवा ये, हा शब्द दोघीही टाळतात. बोलता बोलता वारा फिरतो आणि आवाज तुटतो. कुस्तिनी लगेच फोन ठेवत नाही. दुपारची भरती गल्लीत चढत असते. ती पाय वर घेऊन बाकावर बसते, आणि फोन कानाला तसाच धरून, एवढ्यात जोडला जाईल म्हणून वाट बघते.