चार्जरच्या पोटातला ठिपका

माझ्या सासऱ्यांची उजवी बाजू अर्धांगवायूने गेली, तेव्हा आम्ही कॉर्डलेस फोन घेतला. चैन म्हणून नाही. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत दिवसा बाबा एकटेच असायचे. नवरा कचेरीत, मुलगी शाळेत आणि मी ठाण्याला कामावर. शेजारच्या मावशींकडे किल्ली दिलेली, त्या अधूनमधून डोकावायच्या. पण एकच्या सुट्टीत मी वर्कशॉपमधून घरी फोन केला, की तो उचलायला बाबांच्या डाव्या हाताशी काहीतरी हवं ना? फोनचा मुख्य डबा बाहेरच्या खोलीत, तारेपाशी. हँडसेट बाबांच्या उशाशी. तो ठेवायला एक वेगळा चार्जिंगचा स्टँड मिळाला होता आणि त्याचा अडॅप्टर पलंगाच्या डोक्याशी, भिंतीवरच्या प्लगात. आम्ही सगळे त्याला चार्जरच म्हणायचो.

फोन होता बाहेरच्या देशातला. त्याच्यासोबतचा मूळ चार्जर आपल्या विजेवर चालणारा नव्हता, म्हणून ठाण्याच्या नौपाड्यातल्या दुकानदाराने त्याच्या जागी इथे बनलेला दिला. "एकदम मजबूत माल आहे वहिनी," असं वर म्हणाला.

दीड महिन्यात त्या मजबूत मालाने काय केलं ते सांगते. एका शुक्रवारी मी एक वाजता फोन लावला. वाजत राहिला. परत लावला, तेच. मावशींना निरोप द्यायला त्यांच्याकडे फोन नव्हता. अर्धी रजा टाकून घरी पळाले, तर मावशी दारातच उभ्या. त्यांना जिन्यात जळका वास आलेला, म्हणून किल्लीने दार उघडून आत गेल्या, तर चार्जर भिंतीवर धुमसत होता. बटण बंद केलं त्यांनी. प्लास्टिक मऊ पडून एका बाजूने ओघळलेलं, भिंतीच्या रंगावर तपकिरी डाग, उशीचा कोपरा करपलेला. बाबांनी डाव्या हाताने उशी जेमतेम बाजूला ढकलली होती, त्यात हँडसेट खाली पडलेला. तेवढंच त्यांना करता आलं. त्यांना उठता येत नव्हतं, कुशीवर वळता येत नव्हतं, ओरडलं तरी शब्द फुटत नव्हते. किती वेळ ते त्या वासात पडून होते देव जाणे. मला बघून "वास, वास" एवढंच म्हणत राहिले.

मी रडले नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी रजा टाकली, बाबांना मावशींवर सोपवलं, नवऱ्याला सोबत घेतलं, चार्जर, स्टँड, हँडसेट आणि बिल पिशवीत घातलं. रात्री बसून अर्जही लिहिला होता: आपण विकलेला चार्जर अतिशय तापून वितळला, घरात अंथरुणाला खिळलेला माणूस आहे, त्याच्या जिवाला धोका निर्माण झाला, तरी पैसे परत द्यावेत किंवा सुरक्षित चार्जर बदलून द्यावा, आणि या जातीचे चार्जर विकणं थांबवावं. शेवटचं वाक्य नवऱ्याला नको होतं. आपलं काम झालं म्हणजे झालं, असं त्याचं म्हणणं. मी ते तसंच ठेवलं.

दुकानदाराने अर्ज वाचलाही नाही. डोक्यावरची पाटी दाखवली, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मग तो माझ्या नवऱ्याशी बोलायला लागला. मी समोर उभी, पिशवी माझ्या हातात, बोलतेय मी, आणि हा गृहस्थ उत्तरं देतोय नवऱ्याला! दादा, वहिनींना सांगा, चार्जर थोडा गरम होतोच. दादा, तुमच्याकडे डोंबिवलीला व्होल्टेजचा प्रॉब्लेम असतो. दादा, पेशंटच्या डोक्याशी कशाला लावायचा? म्हणजे चूक आमची. पेशंटची.

मग त्याने तो अर्धवट ओघळलेला चार्जर काउंटरवरच्या प्लगात घातला, पाच मिनिटं ठेवला, आणि माझ्या नवऱ्याचा हात धरून त्याच्यावर टेकवला. "बघा दादा, गार आहे."

आता मी काय काम करायचे ते सांगायला हवं. ठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये आम्ही चौदा बायका कॉइल गुंडाळायचो. केसासारखी बारीक तांब्याची तार, मशीनवर हजारो वेढे, वर पिवळी टेप. त्याचे लहान ट्रान्सफॉर्मर व्हायचे आणि ते अडॅप्टरच्या, रेडिओच्या, कशाकशाच्या पोटात जायचे. कुठे जातात ते आम्हाला कुणी सांगायचं नाही. तेव्हा ट्रान्सफॉर्मर कसा तापतो हे मला त्या दुकानदाराने शिकवायची गरज नव्हती.

मी म्हटलं, पाच मिनिटांत आणि रिकामा काय तापणार तो? स्टँड जोडा, त्याच्यावर बॅटरी उतरलेला हँडसेट ठेवा आणि पाऊण तास थांबा. तो हसला. नवऱ्याकडे बघून हसला. मी काउंटरपुढचं स्टूल ओढलं आणि बसले. म्हटलं, मला घाई नाही. तुमचं आज पटलं नाही, तर सोमवारी हा अर्ज ग्राहक मंचात जाईल, तिथे तुम्ही पाटी घेऊन या.

गिऱ्हाइकं येत होती, मी प्रत्येकाला सांगत होते इथे कशाला बसलेय ते. वीस मिनिटांनी त्याने चार्जरला हात लावला आणि लगेच मागे घेतला. अर्ध्या तासाने तारेवरचं वार्निश जळल्याचा वास आला. मला ओळखीचा वास तो. त्याने झटक्यात बटण बंद केलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला, की दुसरा देतो. मागच्या कपाटातून त्याच जातीचा दुसरा काढला.

मी म्हटलं, तो नको. आधी हा उघडा. आत फ्यूज आहे का दाखवा.

हे मला कुठून सुचलं? माहीत होतं म्हणून सुचलं. प्रायमरीच्या, म्हणजे भिंतीतली वीज जिथे येते त्या वेढ्यांवर, टेपच्या आत, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा एक फ्यूज बसवायचा असतो. वेढे प्रमाणाबाहेर तापले की तो तुटतो आणि वीज बंद. फ्यूज असता तर चार्जर मेला असता आणि गप्प बसला असता. बाबांना त्याचं काही कळलंही नसतं.

दुकानदाराने स्क्रू ड्रायव्हर घालून मऊ झालेलं प्लास्टिक फोडलं. ट्रान्सफॉर्मर बाहेर आला. करपलेली टेप त्याने टोकाने सोलली. फ्यूज नव्हता. "नाहीये," तो हळूच म्हणाला.

माझं लक्ष नव्हतं. टेपचा जो कोपरा करपला नव्हता, त्याच्यावर एक चंदेरी ठिपका होता.

आमच्याकडे प्रत्येकीने आपल्या कॉइलवर ठिपका द्यायचा. खोट निघाली तर कुणाची ते कळावं म्हणून. रंग विकत आणून कोण देणार, म्हणून जिची तिची नेलपॉलिशची बाटली. कुणाचा लाल, कुणाचा गुलाबी, कुणाचा मरून. चंदेरी कुणालाच नको होता, तो मी घेतला. चौदा जणींत चंदेरी एकटीचा. माझा.

आणि मला सगळं आठवलं. पावसाळ्याच्या सुमारास फ्यूजचा साठा संपलेला. सुपरवायझर म्हणाले, ऑर्डर अडकलीये, कॉइल तशाच भरा, काही होत नाही. आम्ही भरल्या. एका बाईनेसुद्धा विचारलं नाही. मीही नाही. पंधरा दिवस मी फ्यूजशिवाय कॉइल गुंडाळल्या आणि वर माझा ठिपका देत गेले.

दुकानदाराने पैसे परत दिले, अर्जावर सही करून दिली. कपाटातले उरलेले चार्जर परत पाठवतो म्हणाला. नवऱ्याने बाहेर आल्यावर माझी पाठ थोपटली. जिंकलीस म्हणाला. त्याला घरी पाठवलं आणि ते फोडलेलं सगळं पिशवीत घालून मी रिक्षाने वर्कशॉपला गेले. शनिवारी अर्धा दिवस काम असायचं, सुपरवायझर निघायच्याच तयारीत होते.

त्यांच्या टेबलावर मी ते ठेवलं. काय झालं ते सांगितलं, बाबांचं सांगितलं. त्यांनी ते उचललं, उलटसुलट केलं, आणि पहिला प्रश्न काय विचारला?

"ठिपका कोणाचा आहे?"

"माझा."

"मग?"

एवढंच. मग! माझ्या अंगाची लाही लाही झाली. तीन वर्षं मी समजत होते की ठिपका म्हणजे आपलं काम ओळखू येणं. सणाच्या दिवशी घरी सांगायचे, माझा रंग चंदेरी आहे. ठिपका होता कशाला, तर आळ आमच्यापर्यंत येऊन थांबावा म्हणून. त्याच्या पुढे कुणाकडे जाऊ नये.

मी म्हटलं, "माझा ठिपका आहे तो दिसतोय. फ्यूज नको म्हणणाऱ्याचा ठिपका कुठाय?"

ते घड्याळ बघायला लागले. मागवलेत म्हणाले, येतील. मी सांगितलं, येतील तेव्हा येतील, तोवर फ्यूज नसलेल्या कॉइलवर मी ठिपका देणार नाही, आणि बिनठिपक्याचा माल तुम्हीच पुढे जाऊ देत नाही. कामावरून काढायचं तर काढा. त्यांनी तो फोडलेला ट्रान्सफॉर्मर खणात टाकायला घेतला. मी त्यांच्या हातातून काढून परत पिशवीत घातला.

सोमवारी माझ्या शेजारच्या मरूनवालीनेही ठिपका दिला नाही, मग गुलाबीने. आठवड्याभरात फ्यूज आले. पण ज्या कॉइल आधीच गेल्या त्या गेल्या. कुठल्या घरात, कुणाच्या उशाशी, ते मला आजही माहीत नाही, आणि त्याचा राग आला की अर्धा माझ्यावरच येतो.

त्या शनिवारी घरी पोचले तेव्हा मावशी बाबांना चहा पाजत होत्या. बाबांनी नजरेनेच विचारलं, काय झालं? ठरवलं होतं सांगायचं नाही. पण ते बघत राहिले, आणि मी पिशवीतून ते करपलेलं काढून त्यांच्या डाव्या हातात दिलं. त्यांनी डोळ्यांजवळ नेलं, फिरवलं, आणि त्यांचा अंगठा ठिपक्यावर येऊन थांबला. माझा रंग त्यांना पाठ होता. धडधाकट होते तेव्हा नाक्यावर चारचौघांत सांगायचे, आमची सून ट्रान्सफॉर्मर बनवते.

त्यांचा अर्धा चेहरा हसला. केवढं हसले ते! हात वर करून त्यांनी मावशींना तो ठिपका दाखवला आणि एकेक अक्षर ओढत म्हणाले, "सूनबाईनं... केलाय."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. बाबांच्या डोक्यामागे भिंतीवर तो तपकिरी डाग तसाच होता.

"हो बाबा," मी म्हटलं, "मीच केलाय."