उंदरांच्या औषधाची दुसरी फेरी

तारीख दहा नोव्हेंबर, रविवार. मंजूर रक्कम चोवीसशे रुपये. हजर सात जण: कॉलनीचे सचिव, चार घरांतले कर्ते पुरुष, शहागंजात धान्याचं दुकान असलेले माझे शेजारी, आणि मी. फुलंब्रीकडं जाणाऱ्या रस्त्याला आमच्या बारा रो-हाउसची कॉलनी आहे. त्या दिवशी गच्चीवर बसून आम्ही उंदरांच्या औषधाचे पैसे मंजूर केले. सभा वीस मिनिटांत संपली. मी फक्त पावती आणायला सांगितलं.

सचिव एस.टी.तून निवृत्त झालेले, कामाला वाघ. दोन दिवसांत त्यांनी औषधाच्या निळ्या-हिरव्या वड्या आणून गटारांच्या तोंडाशी, घरांबाहेरच्या जिन्यांखाली, पंपाच्या खोलीत ठेवल्या. आठवड्याभरात मेलेले उंदीर सापडू लागले. आमच्याकडं मेलेला उंदीर कुणी कचऱ्याच्या डब्यात टाकत नाही, वास येतो म्हणून. चिमट्यानं शेपूट धरून मागच्या रिकाम्या प्लॉटवर फेकायचा, घारी-कावळे नेतात. माझी आईही तसंच करायची. सचिव रोज सकाळी आकडा सांगत. एकतिसावर गेल्यावर म्हणाले, "साहेब, बँकेत तुम्ही व्याज मोजता, मी उंदीर मोजतो. माझा धंदा बरा चाललाय."

मी सहकारी बँकेत हिशेबाचं काम करतो. बायको जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा हैदराबादला आहे, रविवारी फोन करतो. घरात मी आणि एक करड्या रंगाची मांजर. ती बायकोनं आणलेली, म्हणजे आणलेली नव्हेच. एका पावसाळ्यात ती ओट्याखाली येऊन बसली आणि बायकोनं तिला दूध दिलं. मी तेव्हा दुधाचा खर्च मोजला होता. आता सुट्टीच्या दिवशी मी मोठ्यानं काही बोलतो ते तिच्याशीच. भाजी आळणी झाली, वीज कधी येणार, असलं. ती ऐकून घेते असं नाही, पण खोलीत असते.

नोव्हेंबरच्या शेवटी ती कपाटावर चढेना. वाटीतलं तसंच राहू लागलं. मला वाटलं थंडी आहे. मग एका सकाळी माझ्या चादरीवर रक्ताचे दोन थेंब दिसले आणि तिच्या नाकपुडीला तिसरा. मी तिला बायकोच्या भाजीच्या पिशवीत घातलं आणि रिक्षानं क्रांती चौकाजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. पिशवीत ती एकदाही ओरडली नाही. एरवी ती पिशवी पाहूनच पळते.

डॉक्टर तिशीतल्या बाई होत्या. त्यांनी मांजरीचा ओठ वर करून मला हिरड्या दाखवल्या. कागदासारख्या पांढऱ्या. पोटाखाली केस बाजूला केले तर कातडीवर जांभळा डाग.

"घरात उंदराचं औषध ठेवलंय?"

मी नाही म्हणालो. ते खरंच होतं.

"घरात नाही. गल्लीत?"

मी सचिवांच्या वड्यांचं सांगितलं, तेव्हा त्यांनी हातातलं दुसरं काम मदतनिसाकडं दिलं आणि मला नीट समजावून सांगितलं. या वड्यांनी उंदीर लगेच मरत नाही. रक्त गोठायला शरीराला जे लागतं ते या औषधानं बनेनासं होतं. आधीचं बनलेलं संपेपर्यंत तीन-चार दिवस उंदीर हिंडत राहतो, पुन्हा वडी खातो, मग सुस्त होतो, भर उजेडात बाहेर येतो. असा उंदीर धरायला मांजरीला काही कष्ट नाहीत. विष उंदराच्या यकृतात साठलेलं असतं, ते मांजरीच्या पोटात जातं, आणि तिच्याही बाबतीत काही दिवस काहीच दिसत नाही. मेलेला उंदीर उचलला तरी तेच.

त्यांना वडीचं वेष्टन हवं होतं. काळी भुकटी असेल तर ते वेगळं विष, त्याला उतारा नाही, असं त्या म्हणाल्या. मी सचिवांना फोन केला. त्यांच्या सूनबाईंनी वेष्टनाचा फोटो पाठवला. डॉक्टरांनी नाव वाचलं, ब्रोमॅडिओलोन, आणि मान हलवली. याला उतारा आहे: व्हिटॅमिन के-वन. त्यांनी चिठ्ठीवर 'वन'खाली दोन रेघा मारल्या, कारण औषधाच्या दुकानात कधी कधी के-थ्री देतात आणि त्याचा उपयोग होत नाही. आज बारीक सुईनं इंजेक्शन, मग चार आठवडे रोज गोळी, थोड्या तुपाबरोबर. गोळ्या संपल्यावर दोन दिवसांनी रक्त किती वेळात गोठतं ते पुन्हा पाहायचं. विष शरीरात महिनाभर टिकतं. आपण बरं वाटतंय म्हणून मध्येच थांबवलं की जनावर जातं.

"जगेल का?" मी विचारलं.

"आजची रात्र गेली तर बरंच. पण हिनं आणखी एक तसला उंदीर खाल्ला तर मला काही करता येणार नाही. घरात कोंडून ठेवा."

रात्र गेली. तिसऱ्या दिवशी तिनं माझा हात चावून गोळी थुंकली, तेव्हा मला बरं वाटलं.

मग मला इतर गोष्टी दिसू लागल्या, म्हणजे न दिसणाऱ्या. पंपाच्या खोलीच्या झरोक्यात पांढऱ्या तोंडाच्या घुबडांची जोडी राहायची. दिवेलागणीला ती निघायची, आवाज न करता, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरून. मी त्या वेळी कुकर लावायचो, त्यामुळे आमची रोज गाठ पडायची. आता पाच-सहा दिवस संध्याकाळी कुणी निघालं नव्हतं. मी पंपाच्या खोलीमागं गेलो. एक घुबड भिंतीला टेकून पडलं होतं, अंगावर जखम नाही, चोचीशी वाळलेलं रक्त. दुसरं सापडलं नाही. मागच्या प्लॉटवरच्या दगडांत एक मोठी धामण होती, ती गटाराच्या कडेला मेलेली मिळाली. डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, घुबडाचं तेच असणार, पण तपासल्याशिवाय लिहून देणार नाही. सापाचं तर सांगताच येत नाही, त्यांच्यावर याचा परिणाम किती हे कमी माहीत आहे. तेव्हा मीही धामणीचं नक्की म्हणत नाही. ती उंदीर खायची आणि मेली, एवढंच.

डिसेंबरच्या मध्यावर उंदीर परत आले. आश्चर्य नव्हतं. गटारं तशीच उघडी होती आणि त्यांना खाणारं आता कुणी उरलं नव्हतं. सचिवांनी सभा बोलावली: दुसरी फेरी, पुन्हा चोवीसशे. माझ्या मांजरीच्या तेव्हा अर्ध्याच गोळ्या झाल्या होत्या, आणि दार उघडलं की ती पायातून निसटू पाहत होती. सुस्त उंदीर खिडकीतूनही आत येतो. वड्या पुन्हा पडल्या तर ती जाणार, हे मला दिसत होतं.

मी सभेत सगळं सांगितलं. घुबडांचंही. कुणीतरी म्हणालं की घुबडं गेली ते बरंच झालं, अपशकुनी ब्याद. सचिव मात्र हसले नाहीत.

"साहेब, एका मांजरीसाठी बारा घरांनी उंदीर पोसायचे व्हय? माझ्या नातवाच्या पाळण्याखाली परवा घूस होती."

हे चुकीचं नव्हतं. मी म्हणालो की उंदीर मलाही नको आहेत. तेच चोवीसशे मला द्या, गटारांना जाळ्या आणि भिंतीतल्या फटी मी बुजवून घेतो. उंदराला अंगठ्याएवढी फट पुरते, लहानाला त्याहून कमी. उरलेल्यांना पिंजरे आणि चाप. एकानं चिकट पुठ्ठा सुचवला; धान्यवाल्या शेजाऱ्यांनीच नको म्हटलं, त्यांच्या दुकानात त्यावर चिमणी अडकली होती. पोत्यांजवळ विष ठेवता येत नाही, म्हणून ते दुकानात पहिल्यापासून पिंजरेच लावतात आणि पोती फळीवर, भिंतीपासून हातभर सोडून रचतात.

"तुमच्याच घरची ज्वारी खाऊन उंदीर माजलेत, भाईसाब," सचिव त्यांना म्हणाले. "पयली ती बंद करा, मग जाळ्या."

ते खरं होतं आणि सगळ्यांना माहीत होतं. शेजाऱ्यांची आई, सत्तरीच्या पुढची, रोज दोनदा गच्चीवर कबुतरांना ज्वारी टाकायची. नवरा गेल्यापासूनचा तिचा नेम, सवाबचं, म्हणजे पुण्याचं काम. संध्याकाळची ज्वारी कबुतरं खात नसत. ती अंधार पडल्यावर उंदीर खात. शेजारी मान खाली घालून म्हणाले, अम्मीला मी नाही सांगू शकत.

म्हणजे मलाच सांगावं लागणार होतं. दुसऱ्या दिवशी मी बँकेत जाण्याआधी शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेलो. ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, मांडीवर डबा. मी मांजरीबद्दल सांगितलं, घुबडाबद्दल सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"बेटा, दिवसभर माझ्याकडं कोण येतंय? पोरगा दुकानात, बहू शाळेत. हीच येतात."

मी म्हणालो, "माझ्याकडं पण तीच एक आहे, अम्मी."

तिनं डब्याचं झाकण लावलं. शेवटी तिनंच ठरवलं: फक्त सकाळी, दोन मुठी, तिच्या डोळ्यांसमोर संपतील तेवढ्याच. संध्याकाळी नाही. उरलेलं झाडून घ्यायला तिला वाकता येत नव्हतं. ते काम मी घेतलं. मी पावणेनऊला वर जातो, झाडतो आणि खाली येतो. आम्ही फारसं बोलत नाही.

संध्याकाळची ज्वारी थांबल्यावर सचिवांनी चोवीसशे माझ्या हातात दिले. मिस्त्री फुलंब्रीहून आला. त्यानं गटारांच्या तोंडांना जाड जाळ्या बसवल्या, पाइपांभोवतीच्या भोकांत भांडी घासायच्या तारा कोंबून वर सिमेंट भरलं, दारांखाली पत्र्याच्या पट्ट्या मारल्या. चाप आम्ही लाकडी खोक्यात ठेवले, मांजरीचा पंजा जाणार नाही असे. जिन्यांखालच्या उरलेल्या वड्या मी प्रत्येक घरी जाऊन गोळा केल्या, हातमोजे घालून. बारापैकी अकरा घरांनी दिल्या. एका घरानं टाकून दिल्या म्हणून सांगितलं, ते मी मानलं. उंदीर पूर्ण गेले नाहीत. पिंजऱ्यात आठवड्याला एखादा मिळतो. सचिवांच्या घरी परत घूस निघाली नाही, हे त्यांनी मला स्वतः येऊन सांगितलं, चहा मात्र घेतला नाही.

मांजरीचं रक्त गोळ्या संपल्यावर तपासलं, ठीक निघालं. ती आता कपाटावर चढते. झरोका रिकामा आहे. मी अजून कुकर लावताना खिडकीतून पाहतो.

मिस्त्रीला शेवटी एकतीसशे पन्नास रुपये दिले: चोवीसशे कॉलनीचे, चारशे धान्यवाल्या शेजाऱ्यांनी आईच्या नावानं दिलेले, आणि साडेतीनशे माझे.