नडगीवरचं एक बोट

दुसऱ्या बाळंतपणानंतर, बऱ्याच वर्षांनी मी पुन्हा कबड्डीला उतरले. हट्ट असा की पहिल्याच आठवड्यात वरंधच्या डांबरी चढावर पूर्वीइतकीच धावले. दोन्ही नडग्यांच्या आतल्या कडा ठणकायला लागल्या.

महाडच्या डॉक्टरांनी नडगी वरपासून खालपर्यंत दाबून पाहिली. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या.

"हाडांना धक्क्यांची सवय राहिलेली नाही," डॉक्टर म्हणाले. "धावणं बंद. दुखायचं थांबलं की मऊ मातीवर थोडं थोडं वाढवा. दुखणं तळहाताएवढं पसरलेलं आहे तोवर घाबरू नका. एका बोटाखाली आलं, किंवा बसल्या जागीही ठणकलं, तर लगेच या. हाडाला चीर असू शकते."

मी थांबले, मग हळूहळू खेळूही लागले. पण स्पर्धा जवळ आली आणि मला धीर धरवेना. आज भाकऱ्या थापायला उभी राहिले तर उजव्या पायात कळ उठली.

"कुठं दुखतंय गो?" सासूबाईंनी विचारलं.

"काय नाय, तेच जुनं," म्हणत मी नडगीवर तळहात ठेवायला वाकले. टेकलं ते एकच बोट.

त्यांनी गॅस बंद केला. "चप्पल घाल," म्हणाल्या.